मदत हवी आहे: डायनासोरला कार्बन डेटिंग चालत नाही का?

सदरवाली: अर्जंट आहे. मुलाला उत्क्रांतीच्या पुराव्यांवर निबंधासारखं उत्तर लिहायचंय, जीवाश्म, समजात अवयव, कार्बन डेटिंग तिन्ही पाहिजे. त्यानं लिहिलं की चंद्रपूरकडच्या पिसदुऱ्याची डायनासोरची हाडं कार्बन डेटिंगनं साडेसहा कोटी वर्षं जुनी ठरली. सरांनी त्यावर लाल गोल मारला, बस. काहून?

टेकडीवाला: कोणतं बोर्ड? किती मार्क?

सदरवाली: स्टेट बोर्ड, दहावी, 5 मार्क. उद्या द्यायचंय.

दगडधोंडे: गोल बरोबर आहे. प्राणी मेला की त्याच्यात नवा कार्बन-14 जाणं थांबते आणि आहे तो दर 5730 वर्षांनी अर्धा होते. 50 हजार वर्षांपुढे मोजण्याइतका राहतच नाही, कोट्यवधी तर सोडाच. पिसदुऱ्याचं वय त्या थरावर पसरलेल्या लाव्ह्यावरून काढतात, म्हणजे आपल्या काळ्या दगडावरून. त्यात पोटॅशियमपासून बनलेला आर्गॉन मोजतात.

रामभाऊ_धरमपेठ: जुनं झालं हे, आता नवीन मशीनी आल्यात, चिमूटभर सॅम्पलवर होते. डायनासोरच्या हाडाचं 38 हजार वर्षं आलेलं मी वाचलंय.

दगडधोंडे: सॅम्पल कमी लागते हे खरं, पण मर्यादा फार सरकत नाही. आणि ते 38 हजार कसे येतात पाहा. हाडाचा स्वतःचा कार्बन-14 शून्य, पण मुळं, जंतू, पाण्यातून आजचा 1 टक्का कार्बन घुसला तरी मशीन तेवढंच वय दाखवते. त्याच हाडाचे वेगवेगळे तुकडे वेगवेगळी वयं देऊ लागले की समजायचं, घाण मोजतोय.

मुलाला जळगावकडच्या पाटण्याचं उदाहरण द्या. तिथं शहामृगाच्या अंड्यांची कवचं मिळाली, कार्बननं वय साधारण 25 हजार वर्षं. म्हणजे मूळ कार्बन-14 पैकी जेमतेम 5 टक्के उरलेला, मोजता येतो. आज आपल्याकडे शहामृग रानात आहे का?

मिहानकर: आमच्या प्लॉटवर बोरिंग मारताना शिंपल्यासारखा दगड निघाला, त्याची डेटिंग कुठं करून मिळंल? खर्च किती?

टेकडीवाला: भाऊ, पोराचं उत्तर चाललंय इथं.

रामभाऊ_धरमपेठ: समजात अवयवात वटवाघूळ आणि फुलपाखराचे पंख टाका, सोपं आहे.

दगडधोंडे: फुलपाखराच्या पंखात हाड कुठून आणता? वटवाघळाचा पंख, बैलाचा पुढचा पाय, देवमाशाचा पर आणि आपला हात घ्या. कामं चार, पण खांद्याकडून एक हाड, पुढं दोन, मग मनगट आणि बोटं, हा क्रम तोच. बैलाची बोटं कमी झालीत, दोन हाडं चिकटलीत, तरी ओळखू येतात. उडायचं, पोहायचं असतं तर कोणी वेगळीच रचना केली असती, पूर्वज एक म्हणून सांगाडा एक.

सदरवाली: म्हणजे पिसदुरा ठेवायचा, फक्त कार्बन काढायचा? आणि पाटणं पुस्तकात नाही, चालंल?

टेकडीवाला: पुस्तकाबाहेरचं लिहिलं की मार्क कापतात, माझ्या पोरीचे कापले होते.

दगडधोंडे: बरोबर आहे म्हणून कापणार असतील तर कापू द्या.

टेकडीवाला: तुमचं पोरगं दहावीत नाही, म्हणून सुचते तुम्हाला.