‘वकिली’ची झाली ‘विकली’: पीडीएफमधून घेतलेला मजकूर दुरुस्त करावा की नव्याने टाइप करावा?

प्रश्न: दिवाणी दाव्यातील कैफियतीच्या पीडीएफमधून मजकूर वर्डमध्ये घेतला, तर ‘मिळकत’ची ‘िमळकत’ आणि ‘कार्यालय’चे ‘कायार्लय’ झाले. चाळीस पाने आहेत. फाइंड-रिप्लेसने भागेल, की सगळे पुन्हा टाइप करावे?

पहिले उत्तर: पुन्हा टाइप करण्याची गरज नाही. सगळा मजकूर निवडून मंगल फॉन्ट लावा. तो युनिकोड असल्यामुळे अक्षरे जागच्या जागी येतील.

दुसरे उत्तर: युनिकोड हवे हे खरे, पण हा मजकूर युनिकोडच आहे, बिघडला आहे तो अक्षरांचा क्रम, आणि तो फॉन्ट बदलून सुधारत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते, पण साठवली जाते अक्षरानंतर. रफाराचा ‘र्’ मात्र अक्षराच्या आधी साठवला जातो. पीडीएफमध्ये पानावरच्या आकृत्या ज्या क्रमाने मांडलेल्या असतात, त्याच क्रमाने पुष्कळदा मजकूर उचलला जातो. शब्दारंभीची सुटी वेलांटी लगेच दिसते. धोका शब्दाच्या मधल्या वेलांटीचा आहे. ‘वकिली’तील वेलांटी एक अक्षर मागे सरकली की ‘विकली’ होते आणि ‘जमिनी’ची ‘जिमनी’ होते. यांपैकी ‘विकली’ हा मराठीतला शुद्ध शब्द आहे, त्यामुळे शुद्धलेखन तपासणी त्याखाली लाल रेघ ओढणारच नाही. वेलांटी पुढच्या अक्षरापलीकडे नेणारा मॅक्रो पूर्णपणे बिघडलेल्या मजकुरावर चालतो. पण त्याच फाइलमध्ये तुम्ही हाताने टाइप केलेली ‘मिळकत’ असेल, तर तो तिची ‘मळिकत’ करील. म्हणून मॅक्रो आधी, स्वतःची भर नंतर.

तिसरे उत्तर: माझ्याकडे श्रीलिपीतील जुने मृत्युपत्र उघडले की नुसती रोमन अक्षरे दिसतात. त्यालाही हाच मॅक्रो चालेल का?

दुसरे उत्तर, पुन्हा: नाही, तो वेगळा दोष आहे. तिथे मराठी आकृत्या रोमन अक्षरांच्या जागी बसवलेल्या असतात, त्यामुळे नेमक्या त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर लागेल.

चौथे उत्तर (दिवाणी वकील): मला मॅक्रो मान्य नाही. ‘विकली’ आणि ‘वकिली’ यांतला फरक दाव्यात जमिनीइतका मोठा ठरू शकतो, आणि मॅक्रोने काय बदलले याची जबाबदारी सही करणाऱ्यावरच येते. पानाची प्रतिमा घेऊन तिचे ओसीआर करावे. ते आकृती पाहून वाचते, म्हणून वेलांटी बहुधा जागेवर येते.

दुसरे उत्तर, पुन्हा: वेलांटीबाबत तुमचे म्हणणे पटते, पण धूसर प्रतीत ‘१’ आणि ‘९’ यांची गल्लत ओसीआरमध्ये मी स्वतः पाहिली आहे. गट क्रमांक एका अंकाने चुकला तर मिळकतच बदलते. उचललेल्या मजकुरात अंक सहसा शाबूत राहतात, कारण त्यांना ना वेलांटी असते ना रफार. मी शब्द ओसीआरवरून घेतो, अंक उचललेल्या मजकुराशी ताडतो.

चौथे उत्तर, पुन्हा: दोन प्रती ताडण्यास जो वेळ लागेल, त्यात माझा टंकलेखक चाळीस पाने टाइप करील, आणि एकाने मोठ्याने वाचून दुसऱ्याने तपासल्यावर मी निर्धास्त सही करीन.

प्रश्नकर्ती: मिळकतीच्या वर्णनाचा परिच्छेद मी आजच हाताने टाइप करते. उरलेल्या पानांवर मॅक्रो चालवून ‘विकली’ हा शब्द जिथे जिथे येईल, तिथे तिथे मूळ पान उघडून पाहीन.