लेखाचा पत्ता मराठीत ठेवावा की रोमनमध्ये?

सुगरणकट्टा: ‘अळूच्या वड्या करताना घसा खवखवू नये म्हणून’ असा लेख वर्डप्रेसवर टाकला. पत्ता आपोआप ‘अळूच्या-वड्या-करताना-घसा’ एवढाच झाला, पुढचं गायब! आता देवनागरीच ठेवू की रोमन करू?

खटपट्या: रोमनच. गुगलला देवनागरी पत्ता कळत नाही. शिवाय व्हॉट्सॅपवर चिकटवला की टक्केच टक्के, लोक व्हायरस समजून उघडत नाहीत.

जुनाखिळा: टक्क्यांचं खरं, गुगलचं नाही. वाचकांच्या भाषेतले शब्द पत्त्यात वापरा, असं गुगल स्वतःच सांगतं. मराठी विकिपीडियाचे पत्तेही देवनागरीच आहेत.

घसा मध्येच का तुटला ते बघा. पत्ता साठवताना देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरं होतात. नुसता ‘अळू’ असा दिसतो:

```
%E0%A4%85%E0%A4%B3%E0%A5%82
```

काना, उकार, हलन्त, सगळे वेगळे मोजले जातात. वर्डप्रेसची मर्यादा 200. ‘घसा’पर्यंत 21 चिन्हं आणि तीन रेघा, म्हणजे 192. पुढची रेघ धरून 193, आणि ‘ख’ला नऊ जागा उरत नाहीत. तेव्हा मथळा तसाच राहू द्या, पत्ता मात्र हाताने लिहा. ‘अळूवडी’ 54 मध्ये बसते.

पेठकर: आमच्या संस्थेने .भारत घ्यायचं ठरवलंय, तिथेही हीच कटकट का?

जुनाखिळा: ते डोमेनचं नाव, त्याचं गणित वेगळं. तिथे टक्के नसतात, xn-- ने सुरू होणारं रूप असतं. इथे तिरक्या रेघेनंतरच्या भागाबद्दल चाललंय.

खटपट्या: बरं, गुगलचं मागे घेतो. पण `aluvadi` सात अक्षरांत होतं की!

सुगरणकट्टा: आणि अर्धे लोक ते ‘आलू’ वाचून बटाट्याच्या वड्या शोधत येतील. ‘ळ’ रोमनमध्ये लिहायचा कसा?

अंकवाली: आमचा दिवाळी अंक छापला जातो, पत्ता वाचकाला हाताने टाइप करावा लागतो. एका लेखाच्या पत्त्यात ‘पुऱ्या’ होतं. कीबोर्डप्रमाणे ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टाइप होतो, दिसायला सारखाच, आतून वेगळा. काहींना पान सापडलंच नाही. तेव्हापासून छापायचं असेल तर रोमन, तेही लहान.

जुनाखिळा: छपाईसाठी पटलं. पण मग ‘ळ’ला कायम `l`, ‘आ’ला कायम `a` असं एकदाच ठरवून टाका. नाहीतर आज `kaal`, उद्या `kal`, आणि जुना लेख तुम्हालाच सापडायचा नाही.

सुगरणकट्टा: `alu-patrache-vadi` केलं तर?

खटपट्या: ‘पत्राचे वडी’? त्यापेक्षा `aluchi-vadi` करा. आलूचा घोळ राहतोच म्हणा.

जुनाखिळा: मी देवनागरीच ठेवला असता. काहीही करा, पण जुना पत्ता आधीच कुणाला पाठवला असेल तर नव्याकडे 301 ने वळवा. वर्डप्रेस लेखांसाठी ते बहुधा स्वतःच करतं. स्थिर पानांच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नका.