‘अगत्य’, ‘आपुलकी’ की ‘ओढ’?

रानजाई: कार्यालयाच्या जिन्यात एक सहकारी मला रोज भेटतात. चेहराभर हसून ते “काय मॅडम, आज लवकर?” असे विचारतात; मी “हो, लोकल वेळेवर मिळाली” म्हणते आणि “वा वा, चला!” म्हणत ते वर निघून जातात. सहा महिन्यांत संभाषण याच्या पुढे गेलेले नाही. मैत्रीण म्हणते, त्यांना तुझ्यात इंटरेस्ट आहे. या वागण्याला नेमका शब्द कोणता?

शब्दवेडा: ‘तोंडदेखलेपणा’. बोलायचे नसते, पण दिसल्यावर टाळताही येत नाही.

टिपणवही: हा शब्द अन्यायाचा होईल. तोंडदेखले म्हणजे समोर एक आणि मनात दुसरे, आणि त्यांच्या मनात काही वाकडे आहे याचा पुरावा येथे नाही. मला ‘अगत्य’ जवळचा वाटतो. त्याचा जुना अर्थ गरज, निकड असा आहे. ‘अगत्याचे काम’ यात तो अजून टिकून आहे, तर ‘अगत्याने स्वागत केले’ यात केवळ ऊब उरली आहे. तुमच्या सहकाऱ्यांकडे दुसरे अगत्य भरपूर आहे, पहिले आहे का एवढाच प्रश्न आहे. “आज लवकर?” हा प्रश्न नसून नमस्कारच आहे, आणि “चला” आले की दार लोटले गेले असे समजावे.

सांजवात: माझे सासरे दिसेल त्याला “जेवलात का?” विचारत आणि उत्तर येईपर्यंत चार पावले पुढे गेलेले असत. बाकी ‘इंटरेस्ट’ला मराठी शब्द काय? ‘रस’ जरा उघडा वाटतो आणि ‘स्वारस्य’ निविदेतला.

टिपणवही: ‘ओढ’ म्हणा. ती ओळखायची असेल तर उत्तराला एक मोकळे टोक ठेवून पाहा. “लोकल मिळाली” यावर पुढे विचारण्यासारखे काही उरतच नाही. घरातली एखादी खरी गोष्ट सांगा आणि दुसऱ्या दिवशी ती त्यांना आठवते का, ते बघा. आठवली, तरी तेवढ्यावरून आपुलकीच म्हणता येईल. ओढ असलेला माणूस न विचारता स्वतःचेही काही सांगू लागतो. अर्थात, बुजऱ्या माणसाला ही कसोटी लागू पडत नाही, आणि कार्यालयात पुष्कळ जण मुद्दाम जपून बोलतात.

शब्दवेडा: मग बुजरा माणूस रोज चेहराभर हसतो कसा?

रानजाई: आज सांगितले, की उद्या आईच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन आहे. “अरे बापरे,” ते म्हणाले, सवयीने “चला”ही म्हणाले, पण दोन पायऱ्या चढून थांबले. तेवढ्यात मागून साहेब आले.

टिपणवही: त्या थांबण्याला ‘घुटमळणे’ म्हणतात. मात्र जिन्यात माणूस दम खायलाही थांबतो, तेव्हा परवा ते आईची चौकशी करतात का, ते कळवा.