मदत हवी आहे: गुणक ८ आला, नफा वाढला ७.३३ ने. मग जादा सुताला किती दर द्यावा?

तनुजा_एमए
नमस्कार. मी अर्थशास्त्र एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. अक्कलकोट रोडला मामांचा यंत्रमाग कारखाना आहे, टॉवेल आणि चादरी दोन्ही निघतात. व्यापाऱ्याकडची उधारी ठरलेली असल्याने आठवड्याला ११०० किलोच सूत मिळतं. ते दोन मालांत कसं वाटावं, हे लॅग्रांजच्या गुणकाने काढून पाहिलं. नफ्याची सूत्रं मामांच्या वहीवरून अंदाजाने बसवली आहेत. x म्हणजे टॉवेलचं सूत, y म्हणजे चादरीचं, दोन्ही शंभर किलोंत. नफा हजार रुपयांत. माल जास्त काढला की दर पाडून विकावा लागतो, म्हणून वर्गाची पदं वजा आहेत.

```
P = 20x − x² + 28y − 2y²
x + y = 11

20 − 2x = λ
28 − 4y = λ
```

उत्तर: टॉवेलला ६, चादरीला ५, λ = ८, नफा १७४ म्हणजे १ लाख ७४ हजार.

आता अडचण. शंभर किलो सूत वाढलं तर नफा λ इतका, म्हणजे ८ हजारांनी वाढायला हवा ना? ११ च्या जागी १२ घालून सगळं पुन्हा सोडवलं तर नफा १८१.३३ येतो. वाढ ७.३३ हजारच. दोनदा तपासलं.

हे नुसतं गृहपाठापुरतं नाही. दुसरा एक व्यापारी १०० किलो जादा सूत रोखीने द्यायला तयार आहे, पण नेहमीच्या २५० रुपयांपेक्षा किलोमागे ७५ रुपये चढ्या दराने. λ वरून किलोला ८० रुपये निघतात. मामांना घ्या म्हणू का?

सात_रस्ता
७.३३ हा दशांशाचा घोळ असेल, अपूर्णांक ठेवून करून बघा. आणि छाया किंमत म्हणजे त्या वस्तूचं खरं मोल. ते ८० रुपये आलंय. तुमचे मामा २५० देतात तेच महाग आहे, ३२५ चा तर विषयच नको.

होटगी_रोड
तनुजाताई, आधी एक सांगा. P मध्ये सुताचे पैसे वजा केलेत का?

तनुजा_एमए
हो सर. सूत २५० रुपयांनी धरून वजा केलंय. मजुरी, वीज, रंगाई पण वजा आहे.

होटगी_रोड
मग ८० हा सुताचा दर नव्हे. २५० दिल्यानंतरही पुढच्या किलोमागे जे ८० हातात राहतात, ते हे. म्हणजे त्या किलोला ३३० पर्यंत देता येतील. सुताचे पैसे वजा न करता हीच सूत्रं मांडली असती, तर गुणक थेट ३३० दाखवला असता. सात_रस्ता म्हणतात तसं 'मोल' म्हणायला माझी हरकत नाही, पण कशावरचं मोल ते नफ्याच्या सूत्रात काय वजा झालंय यावर ठरतं. गुणकाकडे बघायच्या आधी तेच बघावं.

आता ७.३३ कडे. तुमचं गणित बरोबर आहे, दशांशाचा काही घोळ नाही. ११ वर असताना टॉवेलला गेलेला शेवटचा किलो ८० मिळवतो आणि चादरीला गेलेलाही ८० च. एकीकडे जास्त मिळत असतं तर तुम्ही सूत तिकडे हलवलं असतं. म्हणून अगदी थोडं जादा सूत आलं तर ते कुठेही टाका, किलोला जवळपास ८० च मिळणार. दोन मालांतली वाटणी थोडी बदलते, पण दोन्हीकडचं शेवटचं उत्पन्न सारखंच असल्याने त्या हलवाहलवीने पहिल्या पायरीला काही फरक पडत नाही. λ चा अर्थ एवढाच: या ठिकाणचा चढ. तुम्ही मात्र शंभर किलो पुढे गेलात, आणि वाटेत तो चढ उतरत गेला. सुताची मर्यादा c धरून सोडवा:

```
λ = (17 − c) / 0.75
```

११ ला ८, १२ ला ६.६७. दोन्हींची सरासरी ७.३३. तुमचा आकडा तंतोतंत तोच आहे.

तनुजा_एमए
म्हणजे ७५ जादा देऊन पूर्ण १०० किलो घेतले तर मिळणार ७३३३ आणि जाणार ७५००. १६७ रुपयांचा तोटा!

होटगी_रोड
बरोबर. λ ७५ रुपयांवर येईपर्यंतच घ्यायचं. c = ११.३७५, म्हणजे ३७.५ किलो. त्यावर सुटणारा फायदा सुमारे ९४ रुपये. एवढ्यासाठी नवा व्यापारी जोडावा असं मला तरी वाटत नाही. ७५ चे ६० झाले तर पूर्ण १०० किलोंवर १३३३ सुटतात, मग विचार करा.

सांगोल्याचा_डाळिंबवाला
माझं पण असंच आहे. शेततळ्यातलं पाणी दोन बागांत वाटायचंय. एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये घातलं तर पाण्यासमोर Shadow Price ० दाखवतंय. पाण्याची किंमत शून्य? उन्हाळ्यात टँकर काय भावाने येतो ते या सॉल्व्हरला कोण सांगणार?

होटगी_रोड
काका, अहवालात पाण्याच्या ओळीत Final Value आणि Constraint R.H. Side हे दोन रकाने जुळवून बघा. पहिला कमी असेल तर तुमच्या मांडणीत पाणी उरतंय, आधी मजूर किंवा दुसरं काही संपतंय. उरलेल्या पाण्यात आणखी पाणी ओतून उत्पन्न वाढत नाही, म्हणून शून्य. मांडणी कोणत्या महिन्यांची आहे? वर्षभराचं पाणी एकाच बेरजेत घातलं असेल तर उन्हाळ्याची टंचाई त्यात दिसणारच नाही. महिन्यागणिक वेगळी बंधनं घाला.

सांगोल्याचा_डाळिंबवाला
वर्षाचंच एकत्र घातलं होतं. वेगळं करून बघतो.

सात_रस्ता
मान्य, २५० वजा झालेत हे मी विचारलंच नव्हतं. पण मी तनुजाच्या सूत्रात c = २० घातलं तर λ = −४ आला. सूत वाढलं की नफा घटतो, हे कसं?

होटगी_रोड
कारण x + y = 20 लिहून तुम्ही सगळं सूत विणायची सक्तीच केलीत. १७ ला नफा १९८ असतो, २० विणायला लावलं तर १९२. कारखानदार जादाचं सूत गोदामात ठेवेल. म्हणून बंधन x + y ≤ c असं लिहायचं. मग १७ च्या पुढे λ शून्यावर थांबतो, वर काकांचं झालं तसं. मात्र उणे चिन्ह कधीकधी नुसतं मांडणीतून येतं. कुणी λ(c − x − y) अधिक करतं, कुणी λ(x + y − c). दुसऱ्या प्रकारे तनुजाताईंचंच उत्तर −८ आलं असतं, वाटणी तीच. शंका आली तर c थोडा वाढवून नफा कुठे जातो ते बघावं.

तनुजा_एमए
मामांना आकडे दाखवले. ते म्हणाले, "सूत आलं तरी माग कुठं मोकळे हायत?" चादरीला जॅकार्डचे माग लागतात आणि ते आत्ताच दोन्ही पाळ्यांत चालू आहेत. मागांच्या तासांचं दुसरं बंधन घातलं तर सुताचे ८० बदलतील ना?

होटगी_रोड
बदलतील. चादर ५ वरच अडली असेल तर जादा सूत सगळं टॉवेलला जाईल, आणि तिथला चढ लवकर उतरतो. पहिल्या किलोला ८० च, पण शंभर किलोंवर वाढ ७ हजारच, ७.३३ नाही. मग मागाच्या तासालाही स्वतःची छाया किंमत येईल, आणि कदाचित सुतापेक्षा तिथेच पैसा घालणं फायद्याचं ठरेल. पण ११ वर दोन्ही बंधनं नेमकी एकाच वेळी गच्च बसतात का, की मागाचे तास आधीच संपलेत आणि ६-५ ही वाटणीच चुकीची आहे, हे आकड्यांशिवाय सांगता येणार नाही. शंभर किलो चादरीला जॅकार्डचे किती तास लागतात ते मामांना विचारा.

तनुजा_एमए
पाळीची नोंद मुकादमांकडे असते. उद्या मिळाली की इथेच टाकते.