इ. कोलाय जिवाणू: पेशी दुभंगते ती गुणसूत्राची वाट बघून, की आपल्याच हिशेबाने?

पेट्रीवाला: गुणसूत्राची नक्कल व्हायला ४० मिनिटं लागतात, तर पेशी २० मिनिटांत दुप्पट कशी? आणि नक्कल पुरी झाल्याशिवाय विभाजन होतच नाही, हे खरं का?

रानमेवा: खाद्य भरपूर मिळालं की नकलेचा वेगच वाढतो. त्यात कोडं कसलं?

शेवटचा_बाक: अर्धं बरोबर. हलक्या माध्यमात नक्कल मंदावते खरी, पण ३७ अंशांवर चांगल्या माध्यमात वेगाची हद्द लागते. ४६ लाख अक्षरं, एका आरंभबिंदूपासून दोन दिशांना नक्कल करत निघालेले दोन काटे, प्रत्येकी सेकंदाला साधारण हजार अक्षरं. म्हणजे ३८-४० मिनिटं आलीच. त्यानंतर दुभंगायला आणखी वीसेक. पेशी यातलं काहीच घाईने करत नाही, ती नकलेची पुढची फेरी आधीच सुरू करते. आज दुभंगणाऱ्या पेशीची फेरी तिच्या आजीच्या जन्माच्या वेळीच लागलेली असते. म्हणून २० मिनिटांच्या चालीत नवजात पेशीत दोन गुणसूत्रं असतात आणि नवी फेरी लागताच आरंभबिंदू आठ होतात.

रानमेवा: मान्य. मग घड्याळ गुणसूत्राकडेच आहे! १९६८ पासून कूपर-हेल्मस्टेटर हेच सांगतात: फेरी लागली की ठरलेल्या वेळाने विभाजन.

उलटतपासणी: अजिबात नाही. पेशी जन्मापासून ठरावीक लांबी वाढवते आणि फुटते. एफटीएसझेड या प्रथिनाचा साठा पुरेसा झाला की मधोमध कडं आवळतं. २०१९ च्या प्रयोगांत या प्रथिनाची निर्मिती वरखाली केली, तर विभाजनाचा हिशेब बिघडला, नकलेची सुरुवात मात्र जागच्या जागी राहिली. दोन घड्याळं वेगळीच आहेत.

शेवटचा_बाक: मग डीएनएचं एक अक्षर असलेलं थायमिन कमी दिलेल्या पेशी का फुगतात? तिथे फक्त नकलेचे काटे मंदावतात. सुटं घड्याळ असतं तर आकार बदलायचं कारण नव्हतं.

स्लाइडवर_बघा: आमच्याकडे सिप्रोफ्लॉक्सासिननंतर शेवयांसारख्या लांब पेशी दिसतात. म्हणजे घड्याळ बंद पडलं ना?

उलटतपासणी: तो आणीबाणीचा ब्रेक, रोजचं घड्याळ नव्हे. डीएनए तुटला की सुल-ए प्रथिन तयार होतं आणि एफटीएसझेडचं कडं जमूच देत नाही. डीएनए उजळवणारा डीएपीआय रंग लावून बघा. अशा शेवयांत डीएनए बहुधा मधे गोळा झालेला दिसतो. सेफॅलेक्सिनच्या शेवयांत सारख्या अंतरावर कितीतरी ठिपके दिसतील, कारण तिथे नक्कल चालू राहते, अडतं ते फक्त आडव्या भिंतीचं काम.

शेवटचा_बाक: ब्रेक म्हणा, पण गुणसूत्र मधे असताना कडं बसू न देणारं एसएलएम-ए प्रथिन रोजच्या रोज कामावर असतं. त्याला तुमच्या दोन घड्याळांत कुठे बसवणार?

उलटतपासणी: ते काढून टाकलं तरी साधारण पेशी नीट वाढतात. टोकांना कडं बसू न देणारी मिन प्रथिनंही काढली, की मग मात्र पंचाईत. थायमिनचं उत्तर माझ्याकडे अजून नाही, हे कबूल.