मदत हवी आहे: आदेशावरची पुढची तारीख नेमकी कोणती, आणि त्या दिवशी सुट्टी निघाली तर?

बांधावरचा
तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात वडिलांचा बांधाचा दावा आहे. निशाणी ५ म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावरच्या आदेशाची नक्कल मिळाली, पण तिच्यावर तारखाच तारखा आहेत. सहीखाली २२/६/२०२६. शेवटच्या पानामागे शिक्का, त्यात २३/६, २९/६ आणि ३०/६. आदेश हाताने लिहिलेला आहे: "प्रतिवादींना नोटीस काढा, परतीची तारीख १७/७. तोपर्यंत जैसे थे." तो आकडा १७ की ११ हेही नीट लागत नाही. त्यातच १७ ला जिल्ह्यात सुट्टी जाहीर झाली असे गावात बोलतात. वकीलसाहेब बाहेरगावी आहेत. सुट्टी असली तर आमची तारीख कधी, आणि जैसे थे त्या दिवशी संपणार का?

नामदेव_तात्या
काळजी करू नका. सुट्टी आली की तारीख आपोआप दुसऱ्या दिवसावर जाते, तसा कायदाच आहे. १७ ला शुक्रवार, शनिवार-रविवार कोर्ट बंद, म्हणजे सोमवारी २० ला जा.

अॅड. देशमुख
तात्या, २० ला गेले तर उशीर होऊ शकतो. आधी तारीख नक्की करू, मग सुट्टीकडे वळू.

सहीखालची २२/६ ही आदेश झाला तो दिवस. मागच्या शिक्क्यातल्या तिन्ही तारखा नक्कल विभागाच्या: अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. अपिलाची मुदत मोजताना त्या लागतात, सुनावणीशी त्यांचा संबंध नाही. पुढची तारीख एकच, आदेशाच्या मजकुरातली "परतीची तारीख". नोटीस बजावून आल्याचा अहवाल त्या दिवशी कोर्टापुढे यायचा असतो आणि प्रतिवादींनीही त्याच दिवशी हजर व्हायचे असते.

१७ की ११ हे कॅलेंडरवरच सुटते. यंदा ११ जुलै हा दुसरा शनिवार आहे. महाराष्ट्रात जिल्हा आणि तालुका न्यायालयांना दुसरा व चौथा शनिवार सुट्टी असते, त्यामुळे न्यायाधीश ती तारीख देणार नाहीत. म्हणजे १७ च. तरी खात्री करून घ्या. ई-कोर्ट्सच्या साइटवर दाव्याचा १६ अक्षरी CNR नंबर टाका, आपल्याकडे तो MH ने सुरू होतो. Next Hearing Date दिसेल, पण तेवढ्यावर थांबू नका. खाली Business on Date या रकान्यात २२ जूनवर टिचकी मारली की त्या दिवशीचे कामकाज आणि पुढची तारीख उघडते. दोन्ही ठिकाणी एकच तारीख हवी. वेगळी दिसली तर बेंच क्लार्ककडे जाऊन रोजनामा, म्हणजे दाव्याच्या प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद, पाहायचा. साइटवरची नोंद क्लार्कच करतात आणि टाइप करताना आकडा चुकू शकतो. म्हणून रोजनाम्यावर न्यायाधीशांची सही असलेली तारीख धरावी.

आता सुट्टी. १७ नंतरचा शनिवार १८ तारखेचा, तो तिसरा. त्या दिवशी न्यायालय चालू असते. १७ ला खरोखर सुट्टी असेल तर लगेचचा कामाचा दिवस शनिवार १८, सोमवार नव्हे.

सुलभा_क
पण सुट्टी कुणी जाहीर केली ते आधी विचारा. अतिवृष्टीत जिल्हाधिकारी शाळा-कॉलेजांना सुट्टी देतात, त्याने कोर्ट बंद होत नाही. सरकारने सणाची सुट्टी हलवली तरी कोर्टाचे वेगळे परिपत्रक लागते. २०२५ मध्ये ईद-ए-मिलादची ५ सप्टेंबरची सुट्टी सरकारने फक्त मुंबई शहर आणि उपनगरासाठी ८ ला नेली, बाकी जिल्ह्यांत ती ५ लाच राहिली. अशा वेळी उच्च न्यायालयाची किंवा प्रधान जिल्हा न्यायाधीशांची सूचना पाहायची. जिल्हा न्यायालयाच्या साइटवर आणि कोर्टाच्या फलकावर ती लागते.

आणखी एक. न्यायाधीश रजेवर असणे म्हणजे सुट्टी नव्हे. कोर्ट उघडे असते आणि प्रभारी न्यायाधीशांकडून पुढची तारीख मिळते. "साहेब नाहीत" ऐकून दारातून परत फिरू नका.

फेरफार_अडकला
माझी तहसीलदारांकडे फेरफाराच्या तक्रारीवर सुनावणी आहे, तीही शनिवारीच. मीही जाऊ का?

सुलभा_क
तुमचे प्रकरण महसुली आहे, तिथे कोर्टाचे कॅलेंडर लागत नाही. सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, सगळे शनिवार बंद. नोटिशीवर शनिवार असेल तर तारीख चुकली असण्याची शक्यता जास्त. आधी कार्यालयात विचारा आणि शक्य असेल तर दुरुस्त तारीख लेखी घ्या.

नामदेव_तात्या
तिसरा शनिवार माझ्या लक्षात आला नव्हता. पण दुसऱ्या दिवसाचा कायदा तरी आहे ना?

अॅड. देशमुख
आहे, पण तो वेगळ्या गोष्टीसाठी. जनरल क्लॉजेस अॅक्टचे कलम १० म्हणते की एखादी कृती ठरावीक दिवशी करायची असेल आणि कोर्ट बंद असेल, तर उघडल्यावर पहिल्या दिवशी केली तरी वेळेत धरावी. दावा-अपील दाखल करण्याच्या मुदतीला लिमिटेशन अॅक्टचे कलम ४ तसेच संरक्षण देते. प्रकरण बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीवर, कधी घ्यायचे हे त्यात लिहिलेले नाही. बंद दिवसाची प्रकरणे काही कोर्टांत लगेचच्या कामाच्या दिवशी पुकारतात, काही ठिकाणी ती पुढच्या वेगवेगळ्या दिवशी वाटून देतात आणि यादी लावतात. वाटली असतील तर साइटवर नवी तारीख दिसते, पण नोंद व्हायला वेळ लागू शकतो. म्हणून पक्षकाराने पहिला उघडा दिवस हीच आपली तारीख समजून सकाळी हजर राहावे आणि क्लार्कला नंबर सांगून विचारावे. वादी गैरहजर आणि प्रतिवादी हजर असला तर दावा काढून टाकला जाऊ शकतो. मग तो परत घेण्यासाठी ३० दिवसांत अर्ज आणि गैरहजेरीचे सबळ कारण, हे सगळे मागे लागते.

जैसे थे बाबत मात्र जपून. आदेशात नुसते "पुढील तारखेपर्यंत" असते तर नवी तारीख मिळेपर्यंत तो चालू आहे असे म्हणणे सोपे गेले असते. तुमच्या आदेशात आधी १७/७ आणि मग "तोपर्यंत" आहे.

पराग_ज्युनिअर
सर, कोर्ट बंद असल्यामुळे पक्षकाराचे नुकसान होऊ नये, या तत्त्वावर तो चालूच राहील ना?

अॅड. देशमुख
तसा युक्तिवाद मी नक्की करेन. पण समोरचा १७ च्या संध्याकाळी आदेश संपला म्हणेल आणि त्या रात्री बांध फोडला गेला तर अवमानाचा अर्ज टिकेल की नाही, यावर मी पैज लावणार नाही. सुट्टी आधीच नक्की झाली असेल तर १६ लाच अर्ज द्या, की १७ ला न्यायालय बंद असल्याने प्रकरण आज बोर्डावर घ्यावे आणि जैसे थे पुढील आदेशापर्यंत चालू ठेवावे. वकील नसतील तर त्यांच्या कार्यालयातल्या ज्युनिअरना सांगा. ते जमले नाही तर १८ ला पहिल्या पुकाऱ्याआधी तोच अर्ज टेबलावर हवा.

बांधावरचा
साइटवर दोन्ही ठिकाणी १७-०७-२०२६ आहे. जिल्हा न्यायालयाच्या साइटवर सुट्टीची सूचना अजून दिसली नाही. प्रतिवादींना नोटीस गेली आहे, तिच्यावरही १७ च असेल. ते १७ ला येऊन परत गेले तर?

अॅड. देशमुख
तर १८ ला ते नसतील, आणि बजावणीचा अहवाल आलेला असला तरी काही न्यायाधीश लगेच एकतर्फा पुढे जात नाहीत, नव्या तारखेची नोटीस पुन्हा काढायला सांगतात. बेलिफाचा अहवाल आला का ते १६ ला पाहून ठेवा. नोटीस पुन्हा काढायची झाली तर प्रोसेस फी त्याच दिवशी भरा, ती राहिली की नोटीस निघत नाही आणि पुढची तारीखही फुकट जाते.