साहेबांना प्रत्येक गोष्ट आधी बघायची असते आणि झालेलं काही पटत नाही. कसं निभवायचं?

कुर्ला कनेक्शन:
अंधेरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. जीएसटीचं रिकन्सिलिएशन, म्हणजे आपली खरेदीची बिलं पोर्टलवरच्या नोंदींशी जुळवणं, माझ्याकडे असतं. नवे मॅनेजर आल्यापासून, टू-बी म्हणजे व्हेंडरनी भरलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी डाउनलोड केली की "कुठपर्यंत आलं?" सुरू. व्हेंडरला दोन ओळींचा मेल पाठवायचा तरी आधी त्यांना दाखवायचा. दाखवला की बदल, बदलला की पुन्हा बदल, आणि कधी कधी फिरून माझंच पहिलं वाक्य येतं. रिटर्न वेळेत गेलं तरी "अजून नीट झालं असतं". नोकरी आत्ता सोडायची नाही, भांडायचंही नाही. अशा माणसाबरोबर काम कसं करायचं?

तिरपा टाय:
दाखवणं बंद करा. खरंच सांगतोय. जितकं दाखवाल तितकं ते आणखी मागणार. माझ्या आधीच्या साहेबांना मेलचा मसुदा दाखवायची सवय मीच लावली होती. मग थेट पाठवायला लागलो आणि त्यांना सीसीत ठेवलं. थोडे दिवस आदळआपट झाली, नंतर त्यांना दुसरं गिऱ्हाईक मिळालं.

सही माझी:
आणि त्या "दुसऱ्या गिऱ्हाइकाचं" काय झालं ते विचारू नये, नाही का?
मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. थ्री-बी, म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न, भरताना डिजिटल सही माझी जाते. खरेदीवर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट चुकीचं घेऊन वापरलं तर 18 टक्के व्याज. टू-बीपेक्षा जास्त क्रेडिट घेतलं आणि फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, तर पोर्टलवरून आपोआप सूचना येते आणि 7 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर देताना ज्युनिअर शेजारी बसलेला नसतो. म्हणून विचारतो. यात छळ कुठून आला?

कुर्ला कनेक्शन:
सर, क्रेडिटचं विचारलं तर मला काहीच वाटत नाही. पण "Dear Sir" च्या जागी "Respected Sir" करायला मेल परत येतो, त्यात कसलं व्याज लागतं?

वहीखातं:
बाई, तुमच्या या शेवटच्या वाक्यात अर्धं उत्तर आहे. तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि त्या एकात मिसळल्या आहेत. सतत विचारणं ही एक, कधीच समाधान न होणं ही दुसरी. दोन्हीची मुळं वेगळी असतात, म्हणून उपायही वेगळे. माझी बरीच वर्षं अशाच खात्यांमध्ये गेली, आधी टेबलाच्या तुमच्या बाजूला, नंतर त्या बाजूला.

सतत विचारणारा माणूस बहुतेक वेळा अंधारात असतो. 14 तारखेला टू-बी येते, 20 ला थ्री-बी भरायची. मधल्या दिवसांत तुम्ही एक्सेलमध्ये काय करताय ते त्याला दिसत नाही, आणि वरून फायनान्स हेड त्याला विचारत असतो. तिरपा टाय म्हणतात तसं दाखवणं बंद केलं तर अंधार वाढतो. मेलच्या बाबतीत कदाचित खपेल, रिटर्नच्या बाबतीत नाही खपणार.

त्याने विचारायच्या आधी सांगा, आणि ठरल्या वेळेला सांगा. समजा, दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी पाच. विचारल्यावर दिलं की ती जबाबदारीची झडती वाटते, आधी दिलं की खबर. आकडा कमी असला तरी वेळ चुकवू नका. मजकूर चार ओळींच्या वर नको:

"जुळलेली बिलं 410. रकमेत फरक 22, त्यातली 15 नुसती राउंडिंगची. आपल्याकडे आहेत पण टू-बीत नाहीत अशी 31, त्यातल्या पाच मोठ्या व्हेंडरना मेल गेले. तुमच्याकडून हवं: पॅकेजिंगवाल्याचं पेमेंट त्याचं बिल टू-बीत येईपर्यंत थांबवायचं का?"

आकडे मी वानगीदाखल टाकलेत. महत्त्वाची ओळ शेवटची. ज्याला हात घालायचाच आहे त्याला हात घालण्याजोगा एक खरा निर्णय द्या. नाही दिलात तर तो एक्सेलच्या सेलचा रंग निवडेल.

आणखी एक बारीक गोष्ट, हिच्यावरून मी भांडणं पाहिली आहेत. ऑक्टोबर 2024 पासून पोर्टलवर आयएमएस आलं. 14 तारखेनंतर तिथे कुठलं बिल स्वीकारलं, नाकारलं की टू-बी पुन्हा काढावी लागते आणि एकूण क्रेडिटचा आकडा बदलू शकतो. साहेबांनी सोमवारी एक आकडा पाहिला, बुधवारी दुसरा दिसला, आणि कारण कोणी सांगितलं नाही, तर त्यांचा विश्वास तिथेच उडतो. मग पुढचे सहा महिने ते प्रत्येक बिल स्वतः उघडून बघणार. आकडा हलला की का हलला ते त्याच ओळीत लिहा.

परळचा डिझायनर:
आमच्याकडे क्लायंट असेच. आम्ही कोटेशनमध्येच लिहितो, तीन फेऱ्या बदल फुकट, चौथीपासून पैसे. चौथी फेरी कधी येत नाही 😄 तुम्हीही तसं ठरवून टाका ना.

कुर्ला कनेक्शन:
पगारी माणूस साहेबांना कोटेशन कुठून देणार? 😅

दुपारची शिफ्ट:
हा सरळसरळ मानसिक छळ आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कंपनीत अंतर्गत समिती असावी लागते, कायदा आहे. तिथे लेखी तक्रार द्या, साहेब जाग्यावर येतील.

सही माझी:
ती समिती 2013 च्या कायद्याखालची आहे आणि ती लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी आहे. "सारखं विचारतात" याची तक्रार तिथे चालणार नाही. उगाच बाईंना तोंडघशी पाडाल.

दुपारची शिफ्ट:
मग एचआर तरी आहेच की. गप्प बसूनच हे लोक शेफारतात.

वहीखातं:
एचआरकडे जाता येतं, पण "साहेब फार बारीक बघतात" एवढ्यावर एचआर म्हणणार, चांगलंच आहे की. तिथे जायचं तर काहीतरी मोजलेलं हातात हवं. त्यावरूनच दुसऱ्या तक्रारीकडे येतो, समाधान न होण्याकडे.

एक महिनाभर त्यांनी सुचवलेला प्रत्येक बदल टिपून ठेवा आणि समोर तीनपैकी एक शेरा मारा. खरी चूक होती. किंवा चूक नव्हती, पण त्यांना माहीत असलेली एखादी गोष्ट तुम्हाला माहीत नव्हती. किंवा नुसती आवड. "Respected" तिसऱ्यात. पण "या व्हेंडरशी वरून बोलणी चालू आहेत, त्याला कडक लिहू नका" हे दुसऱ्यात. वरून दोन्ही सारखेच दिसतात, दोन्ही वेळा मेल परतच आलेला असतो. प्रामाणिकपणे शेरे मारलेत तर दुसऱ्या प्रकारचे बदल वाटले होते त्यापेक्षा जास्त निघतात, असा माझा अनुभव. ते जास्त असतील तर मसुदा लिहायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा: "या व्हेंडरबद्दल मला माहीत नसलेलं काही आहे का?" मेलच्या फेऱ्या तिथेच कमी होतात.

आवडीचे बदल जास्त असतील तर व्हेंडरच्या मेलचे तीन-चार ठरीव नमुने करा, त्यांच्याच शब्दांत. एकदा बसून मंजूर करून घ्या. स्वतःचंच वाक्य खोडायला माणूस जरा थबकतो.

आणि काम संपल्याची व्याख्या काम सुरू व्हायच्या आधी ठरवा. 14 च्या आधी, 10-11 तारखेला विचारा: दहा रुपयांपर्यंतचा फरक सोडून देऊ? पाच हजारांच्या आतल्या टॅक्सची बिलं मी परस्पर बघते, वरची तुम्ही बघाल? रक्कम त्यांना ठरवू दे. ते दोन हजार म्हणाले तर दोन हजार. रक्कम लहान असली तरी चालेल, रेघ मात्र हवी. पहिला निम्मा भाग झाला की तेवढाच दाखवा. 19 तारखेला संपूर्ण फाइल समोर ठेवली तर ते बदल सुचवणारच, कारण त्यांच्या हाती दुसरं काही उरलेलंच नसतं.

तिरपा टाय:
म्हणजे बाईंनी रिकन्सिलिएशन करायचं, दिवसातून दोनदा बातमीपत्र काढायचं, साहेबांच्या शेऱ्यांची वही ठेवायची आणि त्यांच्या शब्दांत नमुने लिहायचे. साहेबांनी काय करायचं? पगार एकाचा आणि काम दोघांचं. अशाने त्यांची सवय पक्की होते हे माझं म्हणणं अजून कायम आहे.

वहीखातं:
तुमचं म्हणणं एका बाबतीत बरोबर आहे. हे सगळं काळजीने ग्रासलेल्या माणसावर चालतं. दोन-तीन रिटर्नं शांतपणे गेली की तो रेघ स्वतःहून वर सरकवतो, तुम्ही साडेबाराचा मेसेज विसरलात तरी त्याच्या लक्षात येत नाही. पण काही लोकांना काळजी नसतीच, त्यांना हात वर ठेवायचा असतो. ओळखायचं कसं? रेघ स्वतः ठरवून स्वतःच नाकारतात. पाच हजार म्हणाले, आणि बाराशेच्या बिलावरून सगळ्यांसमोर बोलले. एकदा झालं तर विसरले म्हणू. तीन महिने तेच होत असेल तर खबर देऊन उपयोग नाही. तेव्हा ती टिपणं अप्रेझलच्या स्वतःच्या फॉर्ममध्ये वापरायची आणि दुसऱ्या खात्यात बदली बघायची.

सही माझी:
हे मला मान्य आहे, फक्त "सगळ्यांसमोर" वगैरे प्रत्येक मॅनेजर करतो असं धरून चालू नका. आणि बाईंना एक विचारतो. आधीच्या मॅनेजरच्या वेळी एखादी नोटीस आली होती का? नव्या माणसाला रुजू होताना पहिली गोष्ट तीच सांगितलेली असते.

कुर्ला कनेक्शन:
आली होती. मी त्या कामावर नव्हते, पण आली होती. ती यांना माहीत असेल हे डोक्यातच आलं नाही.
दोन वेळांचं या महिन्यापासून करून बघते. शेऱ्यांचंही. रकमेच्या रेघेचं मात्र अवघड दिसतंय. मागे एकदा सहज विचारलं होतं तर "केस टू केस बघू" म्हणाले. ते लिहून काही देत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवरही नुसता अंगठा.

परळचा डिझायनर:
अंगठा आला म्हणजे मंजूर. आमच्याकडे चालतं.

वहीखातं:
अंगठ्यावर विसंबू नका, तो "वाचलं"चाही असतो. ते लिहीत नसतील तर तुम्ही लिहा. "पाच हजारांच्या आतली बिलं मी परस्पर बंद करत आहे, यादी सोबत जोडत आहे, वेगळं हवं असल्यास 16 तारखेपर्यंत कळवावं." यादी जोडलेली असली की लपवल्याचा आरोप येत नाही, आणि उत्तर आलं नाही तरी काम अडत नाही.

तिरपा टाय:
आणि उत्तर "कॉल मी" असं आलं तर? माझ्या साहेबांचं नेहमी तेच यायचं.

वहीखातं:
येईलच. कॉल करा, ऐकून घ्या. फोन ठेवल्यावर त्याच मेलला रिप्लाय टाका: "बोलल्याप्रमाणे मर्यादा तीन हजार." आकडा ते म्हणतील तोच लिहा.